सोसायटीत वस्तू भाड्याने देणं : जळालेल्या ड्रिलचे पैसे कोणी द्यायचे?

सोनसाखळी

आमची सोसायटी रावेतला आहे. चार टॉवर, २०० च्या वर फ्लॅट. घरात नुसत्या पडून असलेल्या वस्तू एकमेकांना भाड्याने द्यायच्या यासाठी दिवाळीपासून एक वेगळा व्हॉट्सॅप ग्रुप सुरू आहे. ड्रिल मशीन, ॲल्युमिनियमची शिडी, ५० माणसांची स्टीलची ताटं-वाट्या, प्रॅम, पाळणा, वाढदिवसाचं बॅकड्रॉप स्टँड असं बरंच काही फिरतं. ड्रिलला दिवसाला १०० रुपये, शिडीला ५०, प्रॅमला महिन्याचे ४०० असे दर क्लबहाउसमध्ये बसून ठरवले. डिपॉझिट ठेवायचं नाही असंही ठरलं, कारण काय तर आपलीच माणसं आहेत.

आता आपल्याच माणसांत वाजलंय. बी विंगमधल्या एका गृहस्थांनी पडद्याचे रॉड लावायला ए विंगमधल्या काकांचं ड्रिल नेलं आणि संध्याकाळी परत आणून दिलं. दुसऱ्या दिवशी काकांनी प्लग लावला तर नुसतं घुं, आणि जळका वास. दुकानदार म्हणाला, आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, गेलंय, मजुरी धरून १८०० रुपये. नेणारे म्हणतात, "आठ भोकं पाडायची होती, कशीबशी तीन पडली. मशीन आधीच गेलेलं होतं. हे घ्या तुमचे १००." दोघेही लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघत नाहीत, आणि मी कमिटीत असल्यामुळे दोघेही माझ्या दारात येतात.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे १८०० कोणाकडून घ्यायचे? आणि अशा ग्रुपमध्ये कुठल्या वस्तू मुळात घेऊच नयेत? तुमच्याकडे असं काही चालत असेल तर नियम काय आहेत ते सांगा.

टवाळ टिंग्या

पडदे न लावता राहा म्हणावं. दोघांनाही एकमेकांकडे बघायची सवय होईल.

नाना डोंबिवलीकर

ताई, भाड्याने देताना ११ महिन्यांचा करार रजिस्टर करून घ्याच. पोलीस पडताळणी विसरू नका. डिपॉझिट निदान तीन महिन्यांचं. सोसायटीची एनओसी मागतात, त्याला घाबरू नका. आमच्या भाडेकरूने जाताना गीझर काढून नेला होता, त्यामुळे सांगतोय.

टवाळ टिंग्या

नाना, ड्रिल भाड्याने दिलंय, फ्लॅट नाही. ड्रिलची पोलीस पडताळणी करायची म्हटलं तर हरकत नाही, पण फोटोत ते हसत नाही.

नाना डोंबिवलीकर

वाचताना घाई झाली. तरी डिपॉझिटचा मुद्दा लागू होतोच.

जुना फिटर

भोसरीत पॉवर टूल दुरुस्तीचं दुकान बरीच वर्षं चालवलं, आता मुलगा बघतो. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

सोनसाखळी, पहिला प्रश्न मशीनचा नाही, भिंतीचा आहे. तुमची बिल्डिंग मिवान पद्धतीची आहे का? म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओतलेले? रावेत, वाकड, हिंजवडीकडचे नवे टॉवर बरेचसे तसेच आहेत. तसं असेल तर बाहेरच्याच नाही, आतल्याही बहुतेक भिंती काँक्रीटच्या असतात. विटा नाहीत, सिपोरेक्सचे ब्लॉक नाहीत.

घरगुती ड्रिलवर हातोडीचं चित्र असतं खरं, पण ती हातोडी कशी चालते ते बघा. आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून खडखडतात, आणि त्यासुद्धा तुम्ही मागून रेटा दिलात तरच. विटेत हे मस्त चालतं. काँक्रीटमध्ये एखाद-दुसरं भोक पडतं. पुढे बीट, म्हणजे टोकाची भोक पाडणारी सळई, बोथट होतं, माणूस अंगाचा भार टाकतो, फेरे कमी होतात, मोटर जास्त करंट ओढते. मोटर थंड करणारा पंखा त्याच शाफ्टवर असतो, म्हणजे फेरे कमी झाले की हवाही कमी. अशा वेळी आर्मेचर जळायला फार वेळ लागत नाही.

काँक्रीटसाठी रोटरी हॅमर लागतो. त्यात पिस्टन असतो, तो स्वतः ठोके मारतो, माणसाने फक्त धरायचं. बीटही वेगळं. त्याच्या शेपटाला खाचा असतात, चावीने आवळायचं नसतं, नुसतं खटकन बसतं. दोन किलोवाला छोटा रोटरी हॅमर घरच्या कामाला पुरतो.

भिंत कशाची ते ओळखायला इंजिनीअर नको. भोकातून पडणारी भुकटी बघा. पुट्टी-प्लास्टरचा थर संपल्यावर लाल आली तर वीट, पांढरी आणि मऊ आली तर सिपोरेक्स, राखाडी आली आणि बीट पुढे सरकेनासं झालं तर काँक्रीट. तिथेच थांबायचं.

सोनसाखळी

मिवानच आहे! बिल्डरच्या माहितीपत्रकात ते मोठ्या अभिमानाने छापलं होतं. आणि काकांनी हे ड्रिल साताऱ्याच्या जुन्या घरी असताना घेतलं होतं, तिथे विटांच्या भिंती. ते शपथेवर सांगतात की तिथे सगळं घर याच मशीनने टांगलंय.

जुना फिटर

म्हणजे दोघेही खरं बोलतायत.

एक करा. मशीनच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढी काळी गोल झाकणं असतील. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने ती उघडा, प्लग काढून ठेवून. आत स्प्रिंगला लावलेला काळा चौकोनी तुकडा निघेल, तो कार्बन. तो पाच-सहा मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर ती वापराची झीज, ती मालकाने सोसायची. शंभर-सव्वाशेत जोडी मिळते. कार्बन चांगले लांब असतील तर दुकानदाराकडून आर्मेचर काढून मागा आणि तारांचा रंग बघा. एकाच जागी काळा डाग असेल तर वाइंडिंगमध्ये जुना शॉर्ट असण्याची शक्यता जास्त. सगळीकडून सारखं काळपट झालं असेल आणि वॉर्निशचा वास येत असेल तर ते ताणामुळे तापून गेलंय.

मेघमल्हार

तांत्रिक चर्चा छान चाललीय, पण मूळ गोष्टच बेकायदेशीर आहे याकडे कोणाचं लक्ष नाही. सोसायटीत भाडं घेऊन व्यवहार करायचा तर उपनिबंधकांची परवानगी लागते आणि १८ टक्के जीएसटी लागतो. आमच्या सोसायटीत याच कारणाने बंद केलं.

सीएची पाटी

मेघमल्हार, अर्धं बरोबर आहे. काकांनी आपलं ड्रिल शेजाऱ्याला १०० रुपयांना दिलं तर तो दोन माणसांमधला व्यवहार. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे. ड्रिल भाड्याने देऊन कोणी तिथे पोहोचलं तर मला कळवा, मीही धंदा बदलतो. आयकराच्या विवरणात हे पैसे इतर उत्पन्नात दाखवायचे, झालं. परवानगीबिरवानगी काही नाही.

मात्र सोसायटीने स्वतः वस्तू विकत घेऊन भाड्याने द्यायच्या ठरवल्या तर विषय बदलतो. सोसायटीची उलाढाल मोजताना मेंटेनन्सही धरतात. महिन्याला माणशी ७,५०० पर्यंतच्या मेंटेनन्सवर कर नाही, पण उलाढालीच्या आकड्यात तो येतोच. २०० फ्लॅटच्या सोसायटीची २० लाखांची रेषा सहज ओलांडली जाते. अशा वेळी ड्रिलचं भाडं हा करपात्र पुरवठा होऊन नोंदणीचा प्रश्न निघू शकतो. तेव्हा आधी आपल्या ऑडिटरला विचारा. मेघमल्हार यांच्या सोसायटीत बहुधा हेच झालं असणार.

मेघमल्हार

आमच्याकडे सोसायटीनेच वस्तू घेतल्या होत्या, हे खरं. पण परवानगीचं मला सेक्रेटरींनीच सांगितलं होतं.

टवाळ टिंग्या

सेक्रेटरींना काम नको असलं की उपनिबंधक आठवतात.

कुपवाडचा बाळू

ड्रिलचं कळत नाही, भांड्यांचं सांगतो. आमच्या गल्लीतल्या मंडळाची भांडी होती. लग्न, बारसं, तेरावं, काही असलं तरी तिथूनच जायची. मोठी पातेली, परात, झारे, पळ्या, ओगराळी, ताटं. ग्रुपवर ताटं-वाट्या आहेत म्हणालात म्हणून सांगावंसं वाटलं.

तीन नियम होते, आणि माझे वडील ते कोणासाठीही मोडत नसत. पहिला, प्रत्येक भांड्यावर मंडळाचं नाव घातलेलं. पातेल्यावरच नाही, वाटीवर आणि चमच्यावरसुद्धा. नाव नसलेली वाटी दुसऱ्याच्या फडताळात गेली की ती त्याचीच. दुसरा, देताना आणि घेताना दोन्ही बाजूंची माणसं समोर, आणि दहा-दहाच्या थप्प्या लावून मोजणी. "पन्नास आहेत, न्या" असं नाही. वही होती, त्यात सही. तिसरा, भांडी घासून आणि कोरडी करूनच परत. ओली भांडी एकात एक घालून ठेवली की डाग पडतात आणि ताटं चिकटून बसतात.

हरवायच्या त्या कायम वाट्याच. ताट कधी हरवलेलं आठवत नाही. वाटीत कोणीतरी घरी आमटी घेऊन जातं. त्यामुळे भरपाईचा दर नगावर लिहिलेला असायचा आणि भाडं अगदी नावापुरतं. भांडण झालंच नाही असं नाही, पण वहीसमोर फार टिकायचं नाही.

रेवाची आई

बाळू, वाट्यांचं अगदी पटलं. आमच्याकडे डोहाळजेवणानंतर सात वाट्या कमी आणि दोन अनोळखी वाट्या जास्त आल्या होत्या.

मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. बाळाच्या वस्तूंचा असा ग्रुप मी आमच्या कॉम्प्लेक्समध्ये चालवते. प्रॅम, पाळणा, बाथटब, उंच खुर्ची या वस्तू फिरवायला उत्तम, कारण त्या थोड्याच काळात निरुपयोगी होतात आणि जागा मात्र बैलासारखी अडवतात. कापडी भाग धुवायचे, पाळण्याचे स्क्रू प्रत्येक वेळी आवळायचे, प्रॅमचा ब्रेक उतारावर उभं राहून तपासायचा, एवढं पुरतं.

दोन वस्तू मी घेत नाही. एक म्हणजे ब्रेस्ट पंप. घरी वापरायच्या बऱ्याच पंपांमध्ये दुधाची वाफ किंवा थेंब नळीतून मोटरपर्यंत पोहोचू शकतो, आणि मोटर काही उकळता येत नाही. बाटल्या-नळ्या नव्या घेतल्या तरी तो भाग तोच राहतो. हॉस्पिटलात अनेकींनी वापरायचे पंप असतात, त्यांची रचनाच वेगळी, मध्ये पडदा असतो.

दुसरी कार सीट. इथे माझं बऱ्याच जणींशी वाजतं. डिसेंबरमध्ये अमेरिकेहून, दुबईहून मुलं-नातवंडं येतात, आजी-आजोबांना तीन आठवड्यांपुरती सीट हवी असते. मागणी खरी आहे. पण सीट एकदा मोठ्या अपघातात सापडली की ती बदलायची असते, आणि आतल्या प्लास्टिकला गेलेली बारीक चीर बाहेरून दिसत नाही. पट्टे कोणी कशात धुतले तेही कळत नाही. कडक साबणात भिजवले तर धाग्यांची ताकद जाते, म्हणून बहुतेक पुस्तिकांमध्ये ओल्या फडक्याने पुसा एवढंच लिहिलेलं असतं. सीटच्या मागे किंवा खाली उत्पादनाची तारीख असते, बहुतेकींवर किती वर्षं वापरायची तेही असतं. ते वाचता येतं. अपघाताचा इतिहास मात्र मालकाच्या तोंडच्या शब्दावर.

मंजिरी ठाणेकर

रेवाची आई, मग आजीने काय नातवाला मांडीवर घेऊन जायचं? ते तर त्याहून वाईट. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलाला बेल्ट किंवा सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे, आणि दंड सोडा, धडक बसली तर मांडीवरचं मूल हातात राहत नाही. ओळखीच्या शेजारणीची, एकाच गाडीत वापरलेली सीट मी बिनदिक्कत घेईन. अनोळखी दुकानातून भाड्याने आणलेल्या सीटचा इतिहास तरी कोणाला माहीत असतो?

रेवाची आई

शेजारीण स्वतः समोर बसून सांगते ते वेगळं. ग्रुपवर तीच सीट चौथ्या घरी जाते तेव्हा पहिलीचा शब्द कोण ऐकतं? माझा आक्षेप सीटला नाही, ती हातोहात फिरण्याला आहे. हवी तर दोन मैत्रिणींनी आपापसात द्यावी, ग्रुपच्या यादीत नको.

मंजिरी ठाणेकर

यादीत नसली की ज्यांच्या ओळखी नाहीत त्यांना मिळत नाही. नव्याने राहायला आलेल्यांना तर मुळीच नाही. पण असो, तुमचा मुद्दा कळला. पटला असं नाही म्हणत.

वकीलीण

या वादात एक गोष्ट निसटतेय, आणि ती ड्रिललाही लागू आहे. वस्तू उसनी देणं आणि भाड्याने देणं यांत कायद्याने फरक आहे. आपला करार कायदा १८७२ चा. त्यातलं कलम १५० असं की, फुकट दिलेल्या वस्तूत दोष असेल तर तो तुम्हाला माहीत असूनही सांगितला नाहीत, तरच होणाऱ्या इजेची जबाबदारी तुमची. पण भाडं घेतलंत, तर दोष माहीत होता की नव्हता हा प्रश्नच उरत नाही. दोषामुळे घेणाऱ्याचं जे नुकसान होईल त्याला तुम्ही जबाबदार. ५० रुपये घेतले काय आणि ५,००० घेतले काय.

म्हणून कार सीट ४०० रुपयांना भाड्याने देणाऱ्या आईने हे लक्षात ठेवून द्यावी. शिडीचंही तसंच. बिजागरीचा लॉक सैल आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, हा बचाव भाडं घेतल्यावर चालत नाही.

आता घेणाऱ्याची बाजू. कलम १५१ प्रमाणे त्याने वस्तू स्वतःची असल्यासारखी, सामान्य शहाण्या माणसाच्या काळजीने वापरायची. तेवढी काळजी घेऊनही ती बिघडली तर, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, तो देणं लागत नाही. पण ठरलेल्या अटीबाहेर वापरली तर कलम १५४ खाली भरपाई त्याच्याकडे. सोनसाखळी, काकांनी देताना "काँक्रीटमध्ये चालवू नका" असं म्हटलं होतं का? लेखी नसलं तरी चालेल, व्हॉट्सॅपवर असेल तर उत्तमच.

सोनसाखळी

काही म्हटलं नव्हतं. ग्रुपवर मेसेज एवढाच होता, "ड्रिल हवंय, पडद्यासाठी" आणि "घेऊन जा, चावी डब्यात आहे".

वकीलीण

म्हणजे काम काय ते सांगून नेलं, आणि मालकाने त्याच कामासाठी दिलं. सगळ्या भिंती काँक्रीटच्या असलेल्या बिल्डिंगमध्ये. घेणाऱ्याने अट मोडली असं म्हणता येणार नाही. आता राहिलं ते काळजीचं. वास यायला लागल्यावर थांबला की रेटत राहिला? सगळं त्यावर.

परदेशस्थ पुणेकर

मी अमेरिकेत, बे एरियात राहतो. इथे बर्कलीच्या सार्वजनिक वाचनालयाची अवजारांची शाखा आहे, १९७९ पासून. पुस्तकं नेतो तशी ड्रिल, करवती, शिड्या नेता येतात, शहरातल्या रहिवाशांना फुकट. वस्तूंची देखभाल तिथली माणसं करतात आणि काय काम आहे ते विचारून कुठलं अवजार न्या तेही सांगतात. मला फरक वाटतो तो इथे. तुमच्या ग्रुपमध्ये वस्तू आहे, पण "हे नको, ते ने" असं सांगणारा कोणी नाही.

कुपवाडचा बाळू

आमच्याकडे वडील होते. "ऐंशी माणसं? मग हे पातेलं नको, ते ने" असं तेच सांगायचे.

चाफा

मला मुळात हे भाडंच पटत नाही. आमच्या चाळीत पाटा-वरवंट्यापासून सोऱ्यापर्यंत सगळं फिरायचं, पैसे कोणी काढले नाहीत. १०० रुपये दिले की माणूस गिऱ्हाईक होतो आणि वस्तूही तशीच वापरतो. "पैसे मोजलेत ना" म्हणून मशीनवर रेटा देणारा हाच.

निवांत पंचाहत्तर

चाफा, चाळीत कोणाचा सोऱ्या किती वेळा जायचा ते आठवा. आमच्याच घरचा जायचा, आणि आई दिवाळीत शेवटी चकल्या करायची, कारण सोऱ्या तिसऱ्या मजल्यावर असायचा. फुकट म्हणजे एकाच घरावर भार. शिवाय मला दुसऱ्यांदा मागायला लाज वाटते. पैसे दिले की हक्काने मागतो आणि वेळेवर परत करतो.

चाफा

शेवटी चकल्या केल्या म्हणून काय बिघडलं? गरम तरी मिळाल्या.

जुना फिटर

भाड्यावरून आठवलं. आमच्याकडे मशीन भाड्याने देतानाचा पहिला नियम, बीट गिऱ्हाईकाचं. मशीन भाड्याने, बीट विकत. बोथट बीट हे मशीन जळण्याचं सगळ्यात मोठं कारण, आणि भाड्याच्या मशीनबरोबर येणारं बीट कायम बोथटच असतं, कारण ते बदलायची गरज कोणालाच वाटत नाही. सहा मिलिमीटरचं चांगलं बीट ५०-८० रुपयांत मिळतं. नेणाऱ्याने नवं आणावं, काम झाल्यावर घरी ठेवावं. बिघाड निम्मे कमी होतील.

दुसरं, परत घेताना मशीन अर्धा मिनिट हातात चालवून बघायचं. आवाज, ठिणगी, वास. नेणाऱ्याच्या समोर. काकांनी दुसऱ्या दिवशी लावलं, तिथेच वाद सुरू झाला.

सोनसाखळी

फिटरकाका, तुम्ही सांगितलं तसं केलं. कार्बन चांगले बोटाच्या अर्ध्या पेराएवढे आहेत. दुकानदाराने आर्मेचर दाखवलं, तारा चारी बाजूंनी चॉकलेटी-काळ्या, आणि दुकानभर वास. डब्यातलं बीटही आणलं, त्याचं टोक निळसर झालंय आणि कडा गोल.

नेणाऱ्यांनाही विचारलं. ते म्हणाले, वास आला होता, पण त्यांना वाटलं बरेच दिवस बंद असलेल्या मशीनला येतो तसा असेल. तीन भोकांनंतर थांबले ते वासामुळे नाही, मशीन पुढे जाईना म्हणून.

जुना फिटर

मग ताणानेच गेलंय, जुना दोष नाही. निळं टोक म्हणजे बीट भिंतीत नुसतं घासत होतं. पण तेच बोथट बीट डब्यातून काकांनीच दिलं होतं ना?

सोनसाखळी

हो. काकांच्याच डब्यातलं.

वकीलीण

मग कोर्टात मी दोघांपैकी कोणाचंही वकीलपत्र आनंदाने घेतलं असतं. काम माहीत असून अपुरं मशीन आणि बोथट बीट दिलं ही मालकाची बाजू कच्ची. वास आल्यावरही चालू ठेवलं ही घेणाऱ्याची. १८०० साठी मात्र समोरासमोर बसा, अर्धे-अर्धे करा.

नाना डोंबिवलीकर

म्हणून म्हणत होतो, डिपॉझिट घेतलं असतं तर निदान अर्धे तरी हातात असते.

सीएची पाटी

नाना, या वेळी तुम्ही अगदी मुद्द्याचं बोललात. फक्त रक्कम वस्तूच्या किमतीवर नको, नेहमी होणाऱ्या दुरुस्तीच्या खर्चावर ठेवा. ३,००० च्या ड्रिलला ३,००० डिपॉझिट मागितलं तर माणूस नवंच घेईल. हजारभर पुरे.

सोनसाखळी

काल दोघांना एकत्र बसवलं. नेणारे ९०० द्यायला तयार झाले. काका म्हणतात पैसे नकोत, पण "मशीन आधीच गेलेलं होतं" हे ग्रुपवर लिहिलंय ते मागे घ्या. ते मात्र मागे घेत नाहीयेत, कारण त्यांच्या मते मशीन "आमच्या भिंतींसाठी गेलेलंच" होतं. म्हणजे पैशांचं मिटलं, शब्दांचं नाही.

ग्रुपपुरतं एवढं बदलतोय. घरगुती ड्रिलच्या पुढे "काँक्रीटमध्ये नको, लाकूड आणि फर्निचरसाठी" असं लिहायचं. सहा-सात घरांनी वर्गणी काढून एक रोटरी हॅमर घ्यायचा, सोसायटीच्या नावावर नाही. बीट आपापलं. ड्रिलला हजार डिपॉझिट, घेताना-देताना चालवून दाखवायचं. ताटांवर आणि वाट्यांवर नाव घालायला टाकलंय. ब्रेस्ट पंप यादीतून काढला. कार सीटवर एकमत झालं नाही, सध्या आहे तशी आहे. फक्त किती सालची आणि अपघात झालाय का हे मालकाने लिहून द्यायचं.

जुना फिटर

हॅमर घेतलात की एक सूचना चिकटवा त्यावर. भिंतीत चालेल, पण स्लॅबमध्ये, म्हणजे छतात, बिल्डरला विचारल्याशिवाय खोल भोक नको. काही टॉवरच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात. घरगुती ड्रिल तिथवर पोहोचायचंच नाही, हा पोहोचतो. आणि आत लपवलेलं वायरिंग असतं म्हणून भिंतीतही स्विचच्या सरळ वर-खाली कधीच नाही.

मंजिरी ठाणेकर

आणि शिडी? वकीलीणबाईंनी बिजागरीचं लिहिलंय तेव्हापासून आमच्या शिडीकडे बघवत नाही. घरकामाच्या मावशी पंखे पुसायला त्यावर चढतात. भाड्याने आणलेल्या शिडीवरून त्या पडल्या तर जबाबदार कोण, शिडीचा मालक की मावशींना चढवणारी मी?

वकीलीण

मावशींशी करार मालकाचा नाही, तुमचा आहे. तेव्हा पहिलं बोट तुमच्याकडे. मालकाकडे ते किती वळतं हे शिडीत खरंच दोष होता का यावर. यावर वेगळा धागा काढा, इथे दोन ओळींत होणार नाही.

टवाळ टिंग्या

तोवर पंखे नानांकडून पुसून घ्या. ११ महिन्यांच्या करारावर.